दूध आहे तोवर

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला मी मुंगी म्हणते. आकाराने लहान, हाताला क्षणाची उसंत नाही आणि गोड दिसलं की तिथे हजर, म्हणून. तीही मला वन्सं म्हणते ते कागदोपत्री. मागे काय म्हणते ते मला ठाऊक आहे आणि ते चुकीचं नाही. माझी जीभ कटिंग मशीनच्या पात्यासारखी आहे असं आमच्या बाइंडिंगखान्यात सगळेच म्हणतात. पुस्तकं बांधणं हा माझा धंदा. नवरा गेल्यावर त्याचा धंदा मी चालवायला घेतला, तेव्हा लोक म्हणाले बाईला जमायचं नाही. जमलं. न जमून जाते कुठे.

धाकटा बोगद्याच्या कामावर होता, डोंगरापलीकडे. तिथे पत्र्याच्या खोल्या, बाजूला दलदल, आणि संध्याकाळ झाली की डासांचे ढग. लग्न झाल्यावर मुंगीही तिकडे गेली. वर्षाच्या आत दोघांनाही एकदमच ताप भरला. थंडी वाजून, दात आपटून, मग भट्टीसारखं अंग आणि शेवटी घामाने अंथरूण ओलं. कामावरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, मलेरिया निघाला. कडू गोळ्या घेतल्या आणि तीन दिवसांत दोघंही उठून बसले. त्यानंतर दुसऱ्या गोळ्या सुरू करायच्या होत्या, दोन आठवड्यांच्या. धाकट्याने त्या घेतल्या. पोटात ढवळतंय, तोंड बेचव झालंय, अशी फोनवर रोज रड. मुंगीला मात्र त्या दिल्या नाहीत, कारण त्याच तपासणीत कळलं की तिला दिवस गेलेत.

मग तिला माझ्याकडे पाठवलं. दलदलीपेक्षा नणंद बरी, असा हिशेब असावा.

आमचं घर बाइंडिंगखान्याच्या वरच. खाली पुठ्ठ्याचा आणि खळीचा वास, वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, की बसून खायचं, खाली उतरायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती खाली आली आणि फर्मे घड्या घालायला लागली. छापलेला मोठा कागद घडी घालून घालून पुस्तकाच्या पानांएवढा होतो, त्या गठ्ठीला आम्ही फर्मा म्हणतो. हाडाच्या पट्टीने घडीवर दाब द्यायचा, कडा जुळवायच्या. पंधरा वर्षं काम करणाऱ्या बायकांच्या कडा हलतात, हिच्या हलत नव्हत्या. पुढे दोऱ्याने फर्मे शिवायलाही शिकली. मी तिचं कौतुक केलं नाही. कौतुकाने माणूस बिघडतं असं मला तेव्हा वाटायचं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे तिचं नाव घातलं. पहिल्या भेटीला मी निघाले होते, तर म्हणाली, "वन्सं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? गिऱ्हाईक यायचंय तुमचं. मी जाऊन येते."

गेली आणि आली. हातात गोळ्यांची पाकिटं. लोहाची, कसली कसली, आणि एक दर आठवड्याला घ्यायची.

"काय म्हणाल्या?"

"सगळं छान आहे म्हणाल्या. आणि ते तापाचं दुसरं औषध बाळाला चालत नाही, म्हणून आत्ता द्यायचं नाही. बाळंत होऊन अंगावरचं दूध सुटेपर्यंत नाही."

"मग ही कसली?"

"आठवड्याची," ती म्हणाली आणि पाकीट फळीवर ठेवलं.

त्यानंतर आठवड्यातून एकदा मी ओरडून विचारायची, "गोळी घेतलीस का गं?" ती वरून ओरडून सांगायची, "हो, वन्सं." मला अजून काय हवं होतं?

ते महिने बरे गेले. इतके बरे, की आता आठवले की जीव गोळा होतो. तिचं पोट वाढलं तशी ती शिवणीच्या चौकटीपासून लांब लांब बसायला लागली, आणि बायका म्हणायच्या, मुंगीला साखरेचं पोतं सापडलंय. धाकट्याचा फोन आला की ती फोन पोटाला लावायची आणि तो वेडा तिकडून बोगद्यातल्या मशीनचा आवाज ऐकवायचा. मी म्हणायची, पोर बहिरं जन्माला येईल. उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून तिने एक गोधडी शिवायला घेतली होती. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लावायचं ते जाड कापड, लाल, निळं. "टोचेल त्याला," मी म्हटलं. "धुऊन धुऊन मऊ होईल," ती म्हणाली. आणि खरंच रोज धूत बसायची.

सातव्या महिन्यात एक दिवस दुपारी ती फर्मे शिवत होती. सुई दोऱ्यासकट तिच्या हातातून पडली. मला वाटलं झोप लागली. जवळ गेले तर दातावर दात आपटत होते, नखं निळी, आणि बाहेर तर अंगाची लाही करणारं ऊन. आम्ही तिच्यावर पॅकिंगची सगळी पोती घातली, तरी ती थडथडत होती. मग ताप चढला. "वन्सं, तसंच आहे हे," ती म्हणाली. "तिकडच्यासारखंच."

मी आधी चिडले. मी घाबरले की रडत नाही, चिडते. वरच्या मजल्यावरच्या मावशी धावत आल्या आणि म्हणाल्या, गच्चीवरच्या टाकीत डास झालेत, मी कधीची सांगतेय. मी म्हटलं, माझ्या टाकीला झाकण आहे आणि तुमच्या तोंडाला नाही. तरी तिला रिक्षात घालायच्या आधी मी गच्चीवर जाऊन टाकी बघून आले. झाकण घट्ट होतं.

दवाखान्यात रक्ताचा थेंब काचेवर घेतला. मलेरिया. तोच.

"आमच्याकडे डास नाहीत," मी डॉक्टरीणबाईंना पहिलं वाक्य तेच बोलले. नातेवाइकाची अब्रू कशात असते बघा.

त्या थकलेल्या, साध्या बाई. चष्मा केसांत अडकवलेला. म्हणाल्या, "डास नकोच आहे आता. डास चावला तो तिकडे, बोगद्यावर. या जातीच्या मलेरियाचे जंतू आधी यकृतात शिरतात. तिथून काही बाहेर पडून रक्तात येतात, त्यांनी ताप येतो. पण काही तिथेच झोपून राहतात. आठवडे, महिने. मग त्यांतले काही जागे होऊन रक्तात उतरतात आणि पुन्हा ताप."

"मग पहिल्या गोळ्यांनी काय केलं?"

"पहिल्या गोळ्या रक्तातले मारतात. झोपलेल्यांना त्या लागत नाहीत. रक्त तपासलं तरी ते दिसत नाहीत, कारण ते रक्तात नसतातच. त्यांच्यासाठी दुसरं औषध असतं, दोन आठवड्यांचं. ते हिला देता येत नव्हतं. काही माणसांच्या रक्तात एक गोष्ट कमी असते आणि त्यांना ते औषध दिलं तर तांबड्या पेशी फुटतात. मोठ्या माणसाचं रक्त तपासून बघता येतं. पोटातल्या बाळाचं कसं बघणार? म्हणून थांबायचं. आणि थांबेपर्यंत ते जागे झाले तरी रक्तात टिकू नयेत म्हणून पहिलंच औषध आठवड्याला एक." त्यांनी केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला. "ती गोळी ती घेत होती ना नियमित?"

"मी दर आठवड्याला विचारत होते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पण कपाळावरची आठी गेली नाही.

ताप उतरवायला पुन्हा पहिल्या गोळ्या सुरू केल्या. पण तिचं रक्त आधीच कमी होतं, त्या तापाने आणखी कमी झालं, आणि दुसऱ्या दिवशी रात्री कळा सुरू झाल्या. थांबवायचा प्रयत्न केला. थांबल्या नाहीत.

मुलगी झाली. मी पाहिली. माझ्या हाताच्या ओंजळीत मावली असती एवढी, कान अगदी पातळ, आणि पायाचा अंगठा धाकट्यासारखा बाजूला वळलेला. काचेच्या पेटीत ठेवली. मुंगीला चाकाच्या खुर्चीवरून तिथे नेलं, तेव्हा तिने भोकातून बोट आत घातलं आणि पोरीने ते धरलं. धरलं म्हणजे खरंच धरलं, मी साक्षीदार आहे. सकाळी जन्मली आणि दुपारच्या आत गेली.

धाकटा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो दोन दिवस भिंतीकडे बघत बसला. रजा नव्हती, परत गेला. त्याने काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. आमच्या घरात असंच आहे. भांडायला सगळ्यांना येतं.

तिसऱ्या दिवशी मुंगीला दूध आलं.

ह्याला मी काय म्हणू? देहाला कोणी कळवत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मूल जन्माला घातलेलं नाही. पलीकडच्या खाटेवरचं बाळ रडलं की हिच्या गाउनवर ओले डाग पडायचे आणि ती त्यांच्याकडे बघत राहायची. नर्स म्हणाली, घट्ट कपडा घाला, पिळू नका, आपोआप आटेल.

त्याच संध्याकाळी तिने मला जवळ बसवलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "वन्सं, मी ती आठवड्याची गोळी घेतलीच नव्हती."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तापाचं औषध बाळाला चालत नाही. आणि लगेच तापाचीच गोळी हातात दिली. मला वाटलं, काहीतरी घोटाळा आहे. पहिल्यांदा तिकडे घेतली होती तीच ती, कडू. रांगेतली एक बाई म्हणाली, असल्या गोळ्या पोटातल्याला उष्ण पडतात. म्हटलं, ताप तर नाहीये मला. कशाला घ्या? तुम्ही विचारलं की मी ती कात्रणाच्या पोत्यात टाकायची, कागदात गुंडाळून."

"विचारायचं नाहीस का गं बाई?"

"मला वाटलं मी तिला सांभाळतेय."

हे ती 'तिला' म्हणाली, 'बाळाला' नाही. तेवढ्यावरून मला कळलं की ती मनात तिच्याशी कधीची बोलत असणार. मला रागवायचं होतं. माझ्याकडे राग भरपूर असतो, पण त्या दिवशी शोधून सापडेना.

डॉक्टरीणबाईंना मी ते सांगितलं. त्या चष्मा काढून पुसत बसल्या, स्वच्छ होता तरी. म्हणाल्या, "एक गोळी बाळाला चालत नाही आणि एक बाळासाठीच घ्यायची, हे मी तिला एका दमात सांगितलं. बाहेर रांग होती. तिच्याकडून परत म्हणवून घ्यायला हवं होतं." मग त्या स्वतः तिच्या खाटेपाशी गेल्या आणि तिला नीट सगळं सांगितलं. मुंगीने विचारलं, "मी घेतली असती तर ती असती का?" त्या म्हणाल्या, "ताप बहुतेक आला नसता. त्यापुढचं मला खात्रीने सांगता येत नाही, आणि खोटं मी सांगणार नाही." मला त्या क्षणी त्यांचा राग आला. आता येत नाही.

"आता एक करायचं," त्या म्हणाल्या. "तुमचं रक्त तपासलंय, तुम्हाला ते दुसरं औषध चालतं. जरा ताकद आली की सुरू करू. दोन आठवडे, मध्ये न चुकवता. म्हणजे यकृतात जे झोपलेत ते संपतील."

मुंगी म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, अंगावर दूध आहे तोवर ते घ्यायचं नाही."

"ते बाळ पीत असेल तर. बाळाला दुधातून जाऊ नये म्हणून."

"मला दूध आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुमचं ऐकताना माझी चूक झाली. आता मी बरोबर ऐकणार."

त्या मला म्हणाल्या, थोडे दिवस जाऊ देत.

घरी आलो. लोहाच्या गोळ्या ती घेत होती, जेवत होती. आणि आठवड्याची ती गोळी, जी आधी कात्रणात जात होती, ती आता देवाचं व्रत असल्यासारखी घ्यायची. मला बोलावून, माझ्यासमोर, आ करून दाखवून. ताप आला नाही. रक्त थोडं भरून आलं. बायका म्हणायला लागल्या, सावरली बाई. मलाही तसंच वाटलं, एक दिवस न्हाणीघराचं दार लोटलं तोवर.

ती पाटावर बसून वाटीत दूध काढत होती. हाताने, दाबून दाबून. चेहरा वेदनेने आखडलेला.

"अगं, नर्सने पिळू नको सांगितलंय. असं केलंस तर आटायचं कसं?"

"आटू नये म्हणूनच," ती म्हणाली.

वाटी भरली की ती मोरीत ओतायची नाही. गच्चीवर नेऊन कुंडीत ओतायची. दिवसातून कितीदा तरी. बाळ जेवढ्या वेळा प्यायलं असतं तेवढ्या वेळा, हे मला हळूहळू लक्षात आलं.

मी तिला समजावलं. ओरडले. गोड बोलून पाहिलं, ते मला जमत नाही. मावशींनीही येऊन सांगितलं, की पोरी, जे गेलं ते गेलं. ती सगळ्यांचं मान खाली घालून ऐकायची आणि वेळ झाली की वाटी घेऊन उठायची. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, आठवड्याच्या गोळीवर अशीच राहिली तर? त्या म्हणाल्या, "राहील. ताप येणार नाही. पण ती गोळी थांबली, की झोपलेले आहेतच. आणि एक सांगते, तिचा नवरा रजेवर यायचाय ना? औषध न घेता तिला पुन्हा दिवस गेले, तर पुन्हा नऊ महिने माझे हात बांधलेले. पुन्हा तेच सगळं. यावेळी तिच्या अंगात तेवढं रक्तही नाही."

मग मला झोप लागेना. मुंगीच्या यकृतात काय झोपलंय आणि ती त्याच्यावर पहारा देत बसलीय, दुधाची वाटी घेऊन. दुसरं मूल होईल, हे तिला कसं सांगायचं? आणि न सांगून कसं चालेल? दूध आहे तोवर तिची मुलगी आहे, आणि ते दुसरं औषध घेतलं की मुलगी नाही, एवढं साधं गणित होतं तिचं. ते मला कळत होतं, पण उत्तर येत नव्हतं.

धाकटा रजेवर आला. मी पहिल्याच संध्याकाळी त्याचं अंथरूण खाली बाइंडिंगखान्यात घातलं, कटिंग मशीन आणि पुठ्ठ्यांची थप्पी यांच्या मधे. म्हटलं, वर उकडतं. तो उशी उचलून खाली गेला. त्याला कारण मी सांगितलं नव्हतं, पण तो बावळट दिसतो तेवढा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. वेळ झाली तशी मुंगी ताटावरून उठली. ती न्हाणीघरातून वाटी घेऊन बाहेर आली, तेव्हा धाकट्याने ते पहिल्यांदा पाहिलं. वाटीत अगदी थोडं होतं. मी मनात म्हटलं, आता हा काहीतरी बोलेल आणि सगळ्याचा विचका करेल.

तो उठला, तिच्याजवळ गेला आणि वाटीत बघत म्हणाला, "कशी होती गं ती? मला कोणी सांगितलंच नाही."

मुंगी उभी राहिली. मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसली, वाटी मांडीवर. आणि सांगायला लागली. कान पातळ होते, म्हणाली, उजेड आरपार दिसायचा. केस होते बरं का, कपाळावरही होते, मऊ. अंगठा तुझ्यासारखा वाकडा होता. माझं बोट धरलं होतं तिने, घट्ट. जांभई दिली होती एकदा, एवढीशी, मोठ्या माणसासारखी. रडली नाही फार. थकली होती.

ती सगळं 'होती' 'होती' असं सांगत गेली. धाकटा समोर उकिडवा बसून ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता. मी ताटं उचलली. इतके आठवडे मी त्या पोरीला काय करायचं ते सांगत होते, आणि माझ्यासमोर ती मुलगी जगली होती, तरी तिच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, त्याने दुखेल.

संध्याकाळची वेळ झाली तेव्हा मुंगी उठली नाही. छाती दगडासारखी झाली असणार, कारण ती हात आडवा धरून बसली होती. धाकट्याने ओला पंचा आणून दिला. त्यानंतरचे काही दिवस ती कण्हायची, ताठायची, पण वाटी घेतली नाही. मी घट्ट कपडा बांधून दिला. हळूहळू ओसरलं.

मग एका सकाळी ती पोटभर पाव खाऊन, केस विंचरून माझ्यासमोर उभी राहिली. "वन्सं, दवाखान्यात चला माझ्याबरोबर. यावेळी दोघी ऐकू."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दूध उरलंय का विचारलं, चिठ्ठी लिहिली. या वेळी त्यांनी तिच्याकडून सगळं परत म्हणवून घेतलं. ही गोळी कशासाठी? "यकृतात झोपलेत त्यांच्यासाठी." कशी घ्यायची? "पोटभर खाऊन, दोन आठवडे रोज, बरं वाटलं तरी." लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले तर? "थांबवायची आणि लगेच इथे यायचं." आणि मूल? "गोळ्या संपून तुम्ही हो म्हणेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत." तिने हे सगळं शाळेतल्यासारखं सांगितलं, माझ्याकडे न बघता.

औषधाच्या खिडकीवर एक नवी नर्स होती. नवी म्हणजे कोवळी, खाली बघून लिहिणारी. तिला आमची काही माहिती नव्हती. या गोळ्या देण्याआधी प्रत्येक बाईला दोन प्रश्न विचारायचे असतात, तो नियमच आहे, आणि चांगला नियम आहे.

"दिवस गेलेत का?"

"नाही," मुंगी म्हणाली.

"अंगावर पिणारं बाळ?"

मी पुढे सरकले. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, त्या पोरीला चांगलंच सुनावणारं. मुंगीने माझं मनगट धरलं.

"मुलगी होती," ती म्हणाली. "एक सकाळभर होती. आता माझं दूध प्यायला कोणी नाही. द्या गोळ्या."

नर्सने वर पाहिलं. मग तिने पाकीट पुढे केलं आणि न सांगता पाण्याचा ग्लासही ठेवला. मुंगीने पहिली गोळी तिथेच घेतली, खिडकीपाशी उभी राहून, आणि ग्लास पूर्ण संपवला. बाहेरच्या बाकावर येऊन बसली. तेव्हा ती रडली. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांसमोर. मी तिच्याजवळ बसून राहिले.